घड्याळावर रेललेला फेटा

आयफोनचा लॉक स्क्रीन पंधरा वर्षं जवळपास तसाच होता. 2007मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा वर वेळ, तिच्याखाली तारीख आणि मागे फोटो होता, आणि 2021मध्येही मांडणी तीच होती. मागचा फोटो तेवढा आपल्या हातात होता. सप्टेंबर 2022मध्ये आयओएस 16 आलं आणि कुलूप आपण सजवावं अशी मुभा एकदम मिळाली. घड्याळाचा टाइप बदला, रंग बदला, खाली विजेट लावा, आणि फोटोतल्या माणसाचं डोकं घड्याळाच्या पुढे येऊ द्या.

मुभा मिळाली की काय होतं हे कोणाच्याही शेजारच्याचा फोन पाहून कळतं. वेळेखाली हवामान, बॅटरी, चाललेली पावलं आणि जगातल्या कुठल्यातरी शहराची वेळ; त्याच्याखाली लेकराचा फोटो, त्याच्या नाकावर सतरा नोटिफिकेशन, आणि तळाला दोन बटणं, ज्यातलं एक खिशात आपोआप टॉर्च लावतं. एकेक गोष्ट घेतली तर कामाची. सगळ्या मिळून नुसता पसारा. नवल म्हणजे हा पसारा आवरण्याची सगळ्यात सोपी किल्ली, म्हणजे घड्याळाच्या पुढे येणारं ते डोकं, बहुतेकांनी एकदा लावून सोडून दिलेली असते. कारण ती मध्येच चालेनाशी होते आणि का चालत नाही हे फोन सांगत नाही.

या सोयीचं सेटिंगमधलं नाव Depth Effect. फोटो एकसंध असतो, पण फोन त्याचे दोन थर करतो. कोण पुढे आहे आणि काय मागे आहे हे चित्र तपासून ठरवतो, पुढच्या आकृतीची कड कापतो आणि मधल्या फटीत घड्याळ सरकवतो. नाटकात मागे पडदा, पुढे नट आणि मध्ये एखादा खांब ठेवावा, तसं. हे काम फोनच्या आतच होतं आणि त्याला थोडी ताकदवान चिप लागते, म्हणून 2018च्या आयफोन एक्सएस, एक्सआर आणि त्यांच्या नंतरच्या फोनवरच ते चालतं. आयफोन 8 किंवा पहिला आयफोन टेन असेल तर आयओएस 16 टाकूनही हा पर्याय मिळत नाही.

आता एक उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा, नाशिकच्या एका शिक्षिकाबाई आहेत. हातात आयफोन 13, त्यात आयओएस 18. त्यांना वडिलांचा एक फोटो लॉक स्क्रीनवर हवा आहे: घरच्या लग्नातला, भगवा फेटा बांधलेला, मागे मांडवाची झालर. फेट्याचा फोटो या कामाला फार चांगला. डोक्याच्या वर आणखी एक ठसठशीत आकार मिळतो आणि तो घड्याळाच्या आकड्यांवर अलगद रेलतो.

पहिली परीक्षा फोटोचीच. फोटो अॅपमध्ये तो उघडायचा आणि वडिलांच्या अंगावर बोट दाबून धरायचं. आकृतीभोवती चकाकती रेघ फिरली आणि माणूस मागच्या चित्रातून सुटून बोटाबरोबर उचलला गेला, तर फोनला पुढचं आणि मागचं नीट कळलं आहे. रेघेत शेजारच्या काकांचा खांदाही आला, किंवा अर्धा फेटा बाहेर राहिला, तर वॉलपेपरवरही साधारण तेच होणार. ही परीक्षा अॅपलने काही या कामासाठी ठेवलेली नाही, पण पाच सेकंदांत निकाल देते. मोकळे सुटलेले केस, झाडाची बारीक फांदी, सायकलच्या चाकाच्या तारा इथे फसतात. फेट्याचा तुराही जरा धोक्याचा: कापड विरळ असेल तर त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. तसं झालं तर तुरा ताठ आणि मागची बाजू साधी असलेला दुसरा फोटो निवडणं बरं. घासूनपुसून पहिलाच वापरण्याचा हट्ट वाया जातो.

दुसरी परीक्षा जागेची, आणि बहुतेकांची गाडी इथे अडते. फोनच्या कॅमेऱ्यातला उभा फोटो साधारण तीनास चार या प्रमाणाचा असतो. स्क्रीन त्याहून खूपच अरुंद आणि उंच आहे. फोटो पूर्ण उंचीने बसवला तर त्याच्या रुंदीतला एक तृतीयांशाहून जास्त भाग दोन्ही कडांनी बाहेर जातो. आडवा फोटो असेल तर रुंदीचा जेमतेम एक तृतीयांशच उरतो. म्हणून समूहफोटो इथे कधीच जमत नाही; कोणा ना कोणाचा कान कापला जातोच. आणि वेळ स्क्रीनच्या वरच्या पाव भागात येत असल्याने फोटोत डोक्याच्या वर मोकळी जागा असावी लागते. आपण मात्र फोटो काढताना माणसाला चौकटीत गच्च बसवतो, डोकं थेट वरच्या कडेला भिडवतो. असा फोटो लावला की घड्याळ कपाळावर उमटतं आणि Depth Effect गप्प बसतो.

आयओएस 17पासून याला थोडा उतारा आहे. वॉलपेपर लावताना दोन बोटांनी चित्र लहान केलं, तर वर उरलेली पट्टी फोन फोटोतल्याच रंगांच्या धूसर छटेने भरून काढतो. मागे आकाश किंवा भिंत असेल तर ते बेमालूम दिसतं. मांडवाची झालर असेल तर जोड कळतो. बाईंनी इथे चित्र किंचित लहान करून फेटा खाली आणला, इतका की फेट्याचं टोक आकड्यांच्या फक्त तळाला लागेल.

‘फक्त तळाला’ हे महत्त्वाचं. डोकं आकड्यांना अजिबात शिवलं नाही तर आभास निर्माण होत नाही. फार वर गेलं तर वेळ वाचता येणार नाही, म्हणून फोन स्वतःच डोकं मागे टाकतो आणि घड्याळ पुढे आणतो. मधली पट्टी अरुंद आहे. आकड्यांच्या उंचीचा खालचा चौथा हिस्सा झाकला तर डोळ्यांना गंमत वाटते आणि वेळही कळते. अर्धी उंची झाकली तर 8, 9 आणि 0 वरून जवळपास सारखेच दिसतात आणि सकाळी शाळेच्या घाईत दोनदा पाहावं लागतं. शिवाय आकडे दर मिनिटाला बदलतात. चित्र बसवताना 1:11 वाजले असतील आणि सगळं सुटसुटीत वाटत असेल, तरी 12:48ला तेच डोकं वेगळ्या आकड्यावर येतं. डोकं मधोमध, म्हणजे तास आणि मिनिटांमधल्या दोन टिंबांच्या आसपास ठेवलं तर हा त्रास सगळ्यात कमी.

आता प्रत्यक्ष कृती. फोन लॉक करायचा, चेहरा दाखवून कुलूप उघडू द्यायचं, पण स्क्रीन वर सरकवायचा नाही. मोकळ्या जागी बोट दाबून धरायचं. लॉक स्क्रीनची लहान चित्रं रांगेत दिसतात. कोपऱ्यातल्या अधिकच्या खुणेवर टिचकी, मग Photos, मग फेट्याचा फोटो. दोन बोटांनी जागा जमवायची. उजवीकडे खाली तीन टिंबं आहेत, तिथे Depth Effect समोर बरोबरची खूण हवी. ते नाव फिकट पडलं असेल तर तीनच कारणं शोधायची: डोकं फार वर आहे, डोकं फार खाली आहे, किंवा घड्याळाच्या खाली विजेट बसलं आहे.

तिसरं कारण सगळ्यात जास्त लोकांना चकवतं. आयओएस 16पासून 18पर्यंत घड्याळाखालच्या चौकटीत एकही विजेट ठेवलं की Depth Effect बंद होतो. फोन तसं म्हणत नाही. नुसतं डोकं मागे जातं. कारण उघड आहे. जिथे डोकं असायला हवं, बरोबर तिथेच विजेटची रांग येते, आणि वडिलांच्या फेट्यावर तापमान छापलं तर दोन्हींचा मान जातो. ही अडचण म्हणून अनेकजण कुरकुरतात, पण ही अॅपलने नकळत घालून दिलेली शिस्त आहे: एक तर चेहरा, नाही तर माहितीची रांग. दोन्ही एकाच ठिकाणी मागितलं की पसारा सुरू होतो.

सुदैवाने एक जागा शिल्लक राहते, घड्याळाच्या वरची तारखेची ओळ. तिच्यावर टिचकी मारली की तिथे एकच छोटं विजेट लावता येतं आणि Depth Effect तसाच राहतो. शिक्षिकाबाईंनी तिथे तापमान लावलं. वार, तारीख आणि अंश एका ओळीत येतात. नाशिकच्या थंडीत पहाटे स्वेटर घालायचा की नाही, एवढा निर्णय त्यावर होतो.

मग घड्याळ. वेळेवर टिचकी मारली की टाइप आणि रंगांचा तक्ता उघडतो. आयओएस 17पासून पहिल्या टाइपची जाडी सरकपट्टीने कमीजास्त करता येते. सुबक दिसतो म्हणून बारीक टाइप घेण्याचा मोह होतो, पण मागे झालरीसारखं नक्षीचं चित्र असेल तर बारीक आकडे त्यात विरघळतात. भर उन्हात फोन बघून घ्यावा, खोलीतल्या उजेडात सगळंच वाचता येतं. चित्रात रंग भरपूर असतील तर घड्याळ पांढरं ठेवलेलं बरं. फोन सुचवतो तो चित्रातलाच रंग असतो आणि भगव्या फेट्यावर भगवे आकडे म्हणजे दोघांनीही माघार घेणं.

याच तक्त्यात पृथ्वीच्या गोलाची खूण आहे. तिच्यात अंकांची लिपी बदलता येते. देवनागरी अंक आयओएस 16पासूनच आहेत. 2024च्या आयओएस 18मध्ये गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली, ओल चिकी अशा भारतातल्या आणखी लिप्याही आल्या. ७:१५ असं घड्याळ मराठी घरात छान दिसतं यात शंका नाही, पण Depth Effect सोबत लावताना जरा जपून. देवनागरी १ आणि ९ यांची ओळख त्यांच्या वळणावर आणि शेपटीवर असते, आणि फेटा नेमका शेपटीवर येतो. अंक देवनागरी हवे असतील तर डोकं आणखी थोडं खाली ठेवावं. बाईंनी तसंच केलं.

तळाची दोन बटणं 2017च्या आयफोन टेनपासून टॉर्च आणि कॅमेरा अशी ठरलेली होती. आयओएस 18ने ती मोकळी केली. पुन्हा बोट दाबून Customize, मग लॉक स्क्रीन निवडायचा. बटणावर वजाची खूण येते, ती दाबली की जागा रिकामी, आणि अधिकच्या खुणेवर यादी उघडते. कॅमेऱ्याचं बटण काढून टाकायला हरकत नाही, कारण स्क्रीन उजवीकडून डावीकडे सरकवला की कॅमेरा तसाही उघडतो. त्या जागी बाईंनी यादीतलं Open App घेतलं आणि पैसे देण्याचं रोजचं यूपीआय अॅप त्याला जोडलं. भाजीवाल्यासमोर उभं राहून अॅप शोधण्याचे आठ-दहा सेकंद वाचतात. बटण दाबून धरावं लागतं आणि अॅप उघडण्याआधी चेहरा ओळखला जातो, म्हणून फोन दुसऱ्याच्या हाती गेला तरी थेट पैशांपर्यंत पोचता येत नाही. टॉर्चची गोष्ट वेगळी. ती कुलपातही लागते आणि खिशात घासूनही लागते. ज्यांचा फोन पँटच्या खिशात तापलेला सापडतो त्यांनी ते बटण काढून टाकावं. टॉर्च कंट्रोल सेंटरमध्ये असतेच.

झाला हा घरचा स्क्रीन. वेळ, तापमान, वडील, दोन बटणं. पण शाळेत बाईंना पुढचा तास कोणता आणि बैठक कधी हे दिसायला हवं, आणि तो मोह याच चित्रावर भागवायचा नाही. त्यासाठी दुसरा लॉक स्क्रीन करायचा. आयफोनवर तो पाहिजे तितके ठेवता येतात.

शाळेच्या स्क्रीनला फोटोच नको. गडद निळा सपाट रंग, जाड घड्याळ आणि खाली विजेट. तिथे चार घरं असतात. लहान विजेट एक घर घेतं, रुंद विजेट दोन. काय लावायचं याची कसोटी एकच: जे बघायला आपण दिवसातून अनेकदा कुलूप उघडतो, तेवढंच. कॅलेंडरमधला पुढचा कार्यक्रम रुंद विजेटमध्ये, शेजारी पुढचा गजर, आणि चौथं घर रिकामं. बॅटरीचं विजेट लोक हौसेने लावतात, पण फोनची बॅटरी वरच्या कोपऱ्यात दिसतच असते; कानातल्या इअरफोनची पाहायची असेल तरच त्याचा उपयोग.

विजेटकडून काय अपेक्षा ठेवायची हेही माहीत असावं. विजेट सतत ताजं होत नाही. बॅटरी वाचावी म्हणून फोन प्रत्येक विजेटला दिवसाचा ठरावीक शिधा देतो. अॅपलने विकसकांना सांगितलेला हिशोब असा की वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण 40 ते 70 वेळा ताजं होता येतं, म्हणजे पंधरा मिनिटांपासून तासाभरात एकदा. तापमानाला ते पुरेसं आहे. शेअरचा भाव किंवा सामन्याचा धावफलक त्यात बघणारा मात्र शिळं वाचतो. धावत्या गोष्टींसाठी आयओएस 16.1पासून Live Activities नावाची वेगळी पट्टी आहे. मागवलेलं जेवण कुठवर आलं किंवा रिक्षा किती मिनिटांत येते हे ती तळाशी दाखवते आणि काम संपलं की निघून जाते. त्यासाठी कायमची जागा अडवून ठेवावी लागत नाही.

दोन स्क्रीन आपोआप बदलावेत म्हणून त्यांना Focus जोडता येतं. लॉक स्क्रीनच्या रांगेत शाळेच्या चित्रावर तळाला Focus हा शब्द आहे. तिथे Work निवडायचं आणि सेटिंगमध्ये त्याची वेळ सकाळी 7 ते दुपारी 12:30 अशी लावायची. सातला निळा स्क्रीन येतो, साडेबाराला वडील परत. इथे एक खोड आहे, ती आधीच सांगितलेली बरी. ही जोडणी उलटही चालते. रविवारी बाईंनी सहज बोट दाबून निळा स्क्रीन निवडला तर Work सुरू होतं, आणि त्यात परवानगी नसलेल्यांचे फोन आणि निरोप गुपचूप बाजूला पडतात. ‘कालपासून तुमचा फोन लागत नाही’ अशी तक्रार आली की आधी स्क्रीनच्या तळाशी Focusची छोटी खूण दिसते का ते पाहावं.

विजेटच्या रांगेला खासगीपणाचाही प्रश्न आहे. निरोपांचा मजकूर चेहरा ओळखेपर्यंत झाकलेला राहतो, पण कॅलेंडरचं विजेट टेबलावर पडलेल्या फोनवरही ‘4 वाजता, त्वचारोगतज्ज्ञ’ असं सगळ्यांना सांगत बसू शकतं. Settingsमध्ये Face ID & Passcode या पानावर कुलूप लागलेलं असताना काय उघडं राहावं याची यादी आहे; तिथे लॉक स्क्रीनवरची विजेट बंद करता येतात. स्टाफरूममध्ये फोन उताणा ठेवणाऱ्यांनी ती यादी एकदा वाचावी.

राहिली नोटिफिकेशन. वरचं सगळं कितीही नेटकं केलं तरी व्हॉट्सअॅपच्या चार ग्रुपांनी ते झाकलं जातं, कारण निरोप तळापासून वर चढत येतात आणि थेट चेहऱ्यापर्यंत पोचतात. Settings, मग Notifications, तिथे Display As मध्ये तीन पर्याय: List, Stack, Count. पहिल्यात पूर्ण यादी, दुसऱ्यात गठ्ठा, तिसऱ्यात तळाशी फक्त आकडा. फोटोचा लॉक स्क्रीन ठेवणाऱ्याने Count घ्यावं. दहा मिनिटं टाइप आणि रंग निवडण्यापेक्षा या एका टिचकीने स्क्रीन जास्त स्वच्छ होतो, हे लेखकाचं ठाम मत.

2025च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या आयओएस 26ने काही गणितं बदलली. त्यात घड्याळ चित्रातल्या आकृतीला जागा देत स्वतः लहानमोठं होतं, आणि विजेटची रांग स्क्रीनच्या तळाशी नेता येते. त्यामुळे चेहरा आणि विजेट एकत्र नांदू शकतात. सोय चांगली आहे, पण तळाशी नोटिफिकेशनही येतात, तेव्हा गर्दी वरून खाली सरकली एवढंच होण्याचा धोका आहे. तिथेही दोन घरांपुढे जाऊ नये.

अँड्रॉइडवाल्यांनी इथवर वाचून खट्टू व्हायचं कारण नाही. लॉक स्क्रीनवर विजेट 2012मध्ये अँड्रॉइड 4.2नेच आणली होती आणि 2014च्या 5.0मध्ये काढूनही टाकली. आज पिक्सेलवर अँड्रॉइड 14पासून घड्याळाची ढब आणि तळाचे दोन शॉर्टकट बदलता येतात. त्यात क्यूआर कोड स्कॅनरही आहे, जो आपल्याकडे टॉर्चपेक्षा जास्त लागतो. तिथलं मोठं घड्याळ नोटिफिकेशन आलं की आपोआप लहान होऊन कोपऱ्यात जातं, हा शहाणपणा आयफोनच्या आधीचा. सॅमसंगवर लॉक स्क्रीन दाबून धरला की घड्याळ, विजेट आणि दोन्ही शॉर्टकट बदलता येतात, आणि वन यूआय 8मध्ये घड्याळ फोटोतल्या माणसाभोवती वळण घेतं. फोटो निवडण्याचे नियम मात्र तेच: डोक्यावर मोकळी जागा, कड स्पष्ट, माणूस एक.

आणि करून पाहताना दहा-बारा लॉक स्क्रीन साठले असतील, तर रांगेत नको असलेल्या चित्रावर बोट ठेवून वर सरकवावं. कचऱ्याच्या डब्याची लाल खूण येते, ती दाबली की तो स्क्रीन जातो. फोटो अॅपमधला मूळ फोटो आहे तिथेच राहतो.